राउटर शेजारी, प्लॅन २०० चा, तरी फोनवर ४५: वाय-फायचं व्हर्जन आणि जोडीचा वेग कसा तपासायचा

तक्रार साधारण अशी असते. घरात २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे, राउटर हॉलमध्ये आहे, फोन घेऊन त्याच हॉलमध्ये बसून स्पीड टेस्ट केली तरी आकडा ४० ते ४५ च्या पुढे जात नाही. फोनचं वाय-फाय बंद करून परत चालू केलं की काही दिवस वेग चांगला मिळतो. मग एखाद्या संध्याकाळी पुन्हा तोच ४५. कंपनीचा माणूस येतो, स्वतःच्या लॅपटॉपला वायर लावून २०० दाखवतो आणि "आमच्याकडून सगळं ओके आहे, तुमचा फोन जुना असेल" असं सांगून निघून जातो. फोन तर गेल्याच दिवाळीत घेतलेला, आणि त्याच्या माहितीत वाय-फाय ५ असं स्वच्छ लिहिलेलं.

नाशिकमधल्या एका घरातली अशी केस इथे पूर्ण मांडतो. तिच्यात दोन वेगवेगळे दोष एकामागे एक दडलेले होते. पहिला काढल्याशिवाय दुसरा दिसलाच नसता. दोन्ही दोष सापडले ते फोनच्या सेटिंगमधल्या दोन आकड्यांवरून. त्यासाठी कुठलंही विकतचं ॲप लागलं नाही.

आधी लिंक स्पीड, मग स्पीड टेस्ट

स्पीड टेस्ट फोनपासून दूरच्या सर्व्हरपर्यंतचा सगळा रस्ता मोजते. त्यात फोन आणि राउटरमधली हवा, राउटर, राउटरला आलेली वायर, कंपनीचं जाळं आणि पलीकडचा सर्व्हर, एवढं सगळं येतं. आकडा कमी आला तर यातलं नेमकं काय अडलं हे तिच्यावरून कळत नाही. लिंक स्पीड मात्र फक्त फोन आणि राउटर यांच्यापुरता असतो. या क्षणी दोघं एकमेकांशी जास्तीत जास्त किती वेगाने बोलायचं ठरवून बसले आहेत, तेवढंच तो सांगतो. इंटरनेट बंद असलं तरी लिंक स्पीड दिसतो, आणि म्हणूनच तपासाची सुरुवात तिथून करायची.

अँड्रॉइड फोनवर सेटिंगमध्ये वाय-फाय उघडा, जोडलेल्या नेटवर्कच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह दाबा आणि आलेल्या पानावर थोडं खाली जा. तिथे `Link speed` किंवा `Transmit link speed` आणि `Frequency` अशा ओळी असतात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्या `Advanced` किंवा `View more` खाली दडवलेल्या असतात. काही फोनमध्ये वरच्या पट्टीवर वाय-फायच्या चिन्हाशेजारी ४, ५ किंवा ६ असा छोटा अंकही दिसतो. तो अंक आत्ता चालू असलेल्या जोडणीचा असतो. फोनची कमाल ताकद त्यावरून ठरवू नका, बऱ्याच जणांची गफलत तिथेच होते.

नाशिकच्या त्या फोनवर दोन ओळी अशा होत्या: `Link speed: 72 Mbps` आणि `Frequency: 2437 MHz`. फोन राउटरपासून हाताच्या अंतरावर, सिग्नल पूर्ण. म्हणजे ७२ हा अंतरामुळे पडलेला वेग नव्हता. तो एका ठराविक जोडणीचा कमाल वेग होता.

आकडा ओळखता आला की अर्धं काम झालं

वाय-फायचे वेग मनाला येईल तसे नसतात. व्हर्जन, चॅनेलची रुंदी आणि एका वेळी चालणारे डेटाचे प्रवाह या तीन गोष्टींवरून कमाल वेग ठरतो, त्यामुळे तेच ते आकडे सगळीकडे भेटतात. प्रवाहांना स्ट्रीम म्हणतात. ढोबळमानाने फोनमध्ये वाय-फायचा एक अँटेना असेल तर एक स्ट्रीम, दोन असतील तर दोन. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या पुष्कळ फोनमध्ये एकच असतो. बँड म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, इथे कामाचे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि चॅनेल म्हणजे त्या पट्ट्याचा एक तुकडा.

| कमाल लिंक स्पीड (एमबीपीएस) | बँड | म्हणजे काय |
|---|---|---|
| ७२ | २.४ गिगाहर्ट्झ | वाय-फाय ४, एक स्ट्रीम, २० मेगाहर्ट्झ रुंदी |
| १४४ | २.४ गिगाहर्ट्झ | वाय-फाय ४, दोन स्ट्रीम, २० मेगाहर्ट्झ |
| ४३३ | ५ गिगाहर्ट्झ | वाय-फाय ५, एक स्ट्रीम, ८० मेगाहर्ट्झ |
| ८६६ | ५ गिगाहर्ट्झ | वाय-फाय ५, दोन स्ट्रीम, ८० मेगाहर्ट्झ |
| १२०१ | ५ गिगाहर्ट्झ | वाय-फाय ६, दोन स्ट्रीम, ८० मेगाहर्ट्झ |

हे आकडे राउटरजवळचे आहेत. लांब गेल्यावर ४३३ चा ३९०, ३२५ किंवा त्याहून कमी होतो. त्यात बिघाड काही नाही, सिग्नल क्षीण झाला की दोघं सावध वेग निवडतात. म्हणून तपासणी नेहमी राउटर असलेल्याच खोलीत, दोन-तीन मीटरवर उभं राहून करायची. अगदी टेकवूनही ठेवू नका.

जुन्या खोक्यांवर आणि काही सेटिंगमध्ये ४, ५, ६ असे अंक सापडणार नाहीत. ही सोपी नावं वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये आणली. त्याआधीपासून चालत आलेलं `802.11n` म्हणजे वाय-फाय ४, `802.11ac` म्हणजे ५ आणि `802.11ax` म्हणजे ६. राउटरच्या पानावर आजही बहुतेक वेळा अक्षरांचीच नावं भेटतात.

आता नाशिकच्या आकड्यांकडे बघा. २४३७ मेगाहर्ट्झ म्हणजे २.४ बँडचं सहावं चॅनेल, आणि ७२ म्हणजे वाय-फाय ४, एक स्ट्रीम. फोन वाय-फाय ५ चा, राउटरही वाय-फाय ५ चा, आणि दोघं मिळून चालत होते वाय-फाय ४ वर. याचं कारण या व्हर्जनच्या रचनेतच आहे. वाय-फाय ५ फक्त ५ गिगाहर्ट्झ बँडसाठी लिहिलं गेलं. वाय-फाय ५ चा फोन २.४ वर गेला की त्या क्षणापुरता तो वाय-फाय ४ चाच फोन होतो. वाय-फाय ६ दोन्ही बँडवर चालतं, त्यामुळे ही अडचण मुख्यतः ५ व्हर्जनच्या जोडीत दिसते, आणि या व्हर्जनचे राउटर अजूनही बऱ्याच घरांत भेटतात.

७२ च्या लिंकवर प्रत्यक्ष ४५ का, हाही प्रश्न त्या घरात आला. लिंक स्पीडमधला बराच वेळ पोच देण्यात, पाळी येण्याची वाट बघण्यात आणि दोन पॅकेटमधल्या मोकळ्या जागेत जातो. फोन आणि राउटर एकाच चॅनेलवर आळीपाळीने बोलतात, दोघं एकदम बोलू शकत नाहीत. त्यात शेजाऱ्यांचे राउटरही त्याच चॅनेलवर. त्यामुळे चांगल्या स्थितीतही लिंक स्पीडच्या साधारण निम्मा ते दोन-तृतीयांश वेग हाती लागतो. ७२ वर ४० ते ४५ म्हणजे जोडी आपल्या मर्यादेत उत्तम चालली आहे. ४३३ वर २५० च्या आसपास मिळतात, म्हणजे २०० चा प्लॅन त्यात सहज बसतो.

फोनला नक्की काय येतं, राउटरला काय येतं

फोनची ताकद बघायची तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलचं माहितीपान उघडा आणि वाय-फायची ओळ वाचा. `802.11 b/g/n` एवढंच लिहिलं असेल आणि ५ गिगाहर्ट्झचा उल्लेख नसेल, तर बहुधा तो फोन फक्त २.४ वर चालणारा आहे. मग ७२ हीच त्याची हद्द, राउटर कितीही भारी आणा. `802.11 a/b/g/n/ac` असेल तर ५ गिगाहर्ट्झ आणि वाय-फाय ५ आहे. `2x2` असं लिहिलेलं सापडलं तर दोन स्ट्रीम. मॉडेलचं नाव मात्र अक्षर न अक्षर जुळवून बघा. एकाच मालिकेतल्या दोन फोनमध्ये, नावात एका अक्षराचा फरक असतो आणि वाय-फाय वेगळं असतं.

कागदावरच्या माहितीवर विसंबायचं नसेल तर अँड्रॉइड स्वतःच उत्तर देतं. फोनच्या सेटिंगमधल्या `Build number` वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, त्यात `USB debugging` चालू करा, फोन केबलने संगणकाला जोडा आणि अँड्रॉइडची प्लॅटफॉर्म-टूल्स घेतलेल्या फोल्डरमधून हा आदेश द्या:

```
adb shell cmd wifi status
```

आलेल्या मजकुरात नाशिकच्या फोनवर या गोष्टी होत्या:

```
Wi-Fi standard: 11n, RSSI: -46, Link speed: 72Mbps,
Max Supported Tx Link speed: 72Mbps, Frequency: 2437MHz
```

काही अँड्रॉइड आवृत्त्यांमध्ये `11n` च्या जागी नुसता `4` येतो, अर्थ तोच. `RSSI` म्हणजे सिग्नलची ताकद. उणे ४६ म्हणजे फार चांगला. उणे ६५ पर्यंत चिंता नाही, उणे ७५ च्या पुढे वेग पडणारच. या मजकुरातली सर्वांत मोलाची ओळ `Max Supported Tx Link speed`. ही एकट्या फोनची कमाल नव्हे. फोन आणि राउटर दोघांची क्षमता पडताळून, या जोडणीवर जास्तीत जास्त किती होऊ शकेल, हे ती सांगते. चालू वेग आणि कमाल वेग दोन्ही ७२, म्हणजे या बँडवर आणखी काही ओढून काढता येणार नाही. बँडच बदलायला हवा. चालू वेग ७२ आणि कमाल ४३३ असता तर शोध सिग्नलच्या दिशेने गेला असता.

राउटरचं बघायला तो उलटा करा. खालच्या लेबलवर किंवा त्याच्या पानावर `AC1200`, `AX1500`, `AX3000` असं मॉडेलच्या नावात असतं. अक्षरांवरून व्हर्जन कळतं, `AC` म्हणजे ५ आणि `AX` म्हणजे ६. आकडा मात्र दोन्ही बँडच्या कमाल वेगांची बेरीज असते आणि ती विक्रीसाठी गोल केलेली असते. `AC1200` मध्ये २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ आहेत. एक फोन एका वेळी साधारणपणे एकाच बँडवर असतो, त्यामुळे १२०० कधीच कुणाच्या फोनवर दिसणार नाहीत. शिवाय २.४ वरचे ३०० मिळायला दोन स्ट्रीम आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदी लागते. बहुतेक फोन या बँडवर २० च वापरतात, आणि दाटीवाटीच्या इमारतीत राउटर स्वतःच २० वर उतरतो.

आता जोडीचं गणित. नाशिकचा राउटर ५ गिगाहर्ट्झवर दोन स्ट्रीमचा, फोन एका स्ट्रीमचा. दोघांत कमी असेल ते धरायचं. वाय-फाय ५, एक स्ट्रीम, ८० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४३३. या घरात हा आकडा दिसायला हवा होता.

मग फोन पुन्हा पुन्हा २.४ वर का जात होता

समस्या परत परत येत होती याचं कारण इथे आहे, आणि ते शोधायला सर्वांत जास्त वेळ लागला. राउटरमध्ये दोन्ही बँडना एकच नाव होतं. कारखान्यातून तसंच येतं, सेटिंगचं नाव `Smart Connect` किंवा `Band Steering` असं काहीतरी असतं. फोनला कुठल्या बँडवर घ्यायचं हे राउटरने सुचवायचं, पण शेवटचा निर्णय फोनचा. एरवी हे बरं चालतं. या घरातही फोनचं वाय-फाय बंद करून चालू केलं की तो ५ वर जायचा आणि लिंक स्पीड ४३३ दिसायचा.

तेव्हा `Frequency` मध्ये काय येतं ते बघितलं, तर `5500 MHz`. हे शंभरावं चॅनेल. ५ गिगाहर्ट्झ बँडचा मधला मोठा भाग, चॅनेल ५२ ते १४४, म्हणजे साधारण ५२६० ते ५७२० मेगाहर्ट्झ, रडारसोबत वाटून घेतलेला आहे. तिथे काम करणाऱ्या राउटरला सुरू होताना आधी किमान एक मिनिट फक्त ऐकावं लागतं. रडार नाही याची खात्री झाली की मगच तो प्रक्षेपण सुरू करतो. या पद्धतीला डीएफएस म्हणतात. चालू असताना रडारसारखा काही संकेत ऐकू आला तर चॅनेल ताबडतोब सोडावं लागतं. कधीकधी रडार नसतानाही राउटरला तसा भास होतो.

आता यात संध्याकाळची लाइट जाणं घाला. वीज गेली आणि आली. राउटर उठला, २.४ चा बँड लगेच सुरू झाला, ५ चा बँड अजून कान देऊन बसलेला. घरातल्या फोनला ओळखीचं नाव दिसलं, ते २.४ वर होतं, फोन जोडला गेला. मिनिटभराने ५ चा बँड आला. पण सिग्नल भरपूर असल्यावर अनेक फोन दुसरीकडे बघतच नाहीत. चालू जोडणी मजबूत आहे, नाव तेच आहे, मग हलायचं कशाला? फोन तिथेच राहिला, पुढच्या वेळी कुणी वाय-फाय बंद-चालू करेपर्यंत. घरच्यांच्या लेखी "राउटर मधूनच बिघडतो". इन्व्हर्टरवर राउटर असलेल्या शेजारच्या फ्लॅटमध्ये असाच राउटर असून ही तक्रार का नव्हती, याचाही उलगडा इथेच झाला.

ही शंका पडताळायला रात्रीपर्यंत थांबायची गरज नाही. फोन ५ वर असताना राउटरचं बटण बंद करा, थोड्या वेळाने चालू करा, फोनला हात लावू नका. पाच मिनिटांनी `Frequency` बघा. २४ ने सुरू होणारा आकडा आला तर कारण सापडलं.

उपाय दोन पायऱ्यांचा केला. ब्राउझरमध्ये `192.168.1.1` उघडून राउटरच्या पानावर गेलो (काही राउटरचा पत्ता `192.168.0.1` असतो, लेबलवर छापलेला असतो). ५ गिगाहर्ट्झच्या `Channel` समोर `Auto` होतं, ते ३६ केलं. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ या चॅनेलना रडारची वाट बघावी लागत नाही. रुंदी, म्हणजे `Channel Width`, ८० वर ठेवली. कुणीतरी ती २० करून ठेवलेली असेल तर ५ गिगाहर्ट्झवर असूनही एका स्ट्रीमच्या फोनवर ८६ चा लिंक स्पीड दिसतो, आणि ४० असेल तर २००. हे आकडे दिसले की रुंदी तपासायची.

दुसरी पायरी, दोन्ही बँडना वेगळी नावं. जुनं नाव २.४ ला तसंच ठेवलं, कारण त्याला दिवाणखान्यातला कॅमेरा आणि स्मार्ट प्लग जोडलेले होते आणि ती उपकरणं फक्त २.४ वर चालतात. ५ च्या नावाला शेवटी `_5G` लावलं. या `5G` चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, फक्त ५ गिगाहर्ट्झ ओळखता यावं एवढ्यासाठी. मग फोनमध्ये नवं नाव जोडून जुन्या नावाचं `Auto-connect` बंद केलं. हे शेवटचं काम बरेच जण विसरतात. फोनमध्ये दोन्ही नावं स्वयंचलित राहिली तर लाइट आल्यावर फोन पुन्हा आधी दिसलेल्या २.४ वर जाऊन बसतो आणि नावं वेगळी केल्याचा काही उपयोग होत नाही.

या व्यवस्थेची एक किंमत आहे. ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून कमी जातं. त्या घरात आतल्या खोलीत, दोन विटांच्या भिंतींपलीकडे, `RSSI` उणे ७८ पर्यंत उतरला आणि लिंक स्पीड शंभराच्या खाली आला. तिथे झोपून व्हिडिओ बघणाऱ्या आजोबांच्या फोनवर मी दोन्ही नावं स्वयंचलित ठेवली. त्यांना वेगापेक्षा न तुटणं महत्त्वाचं.

लिंक ४३३, तरी वेग ९४ वर अडला

राउटर बंद-चालू करून बघितला. फोन `5180 MHz` वर, लिंक ४३३. आता २०० मिळणार म्हणून घरातल्या मुलाने स्पीड टेस्ट लावली. ९४. पुन्हा लावली, ९३. लॅपटॉपवर लावली, ९४.

हवेतल्या वेगाचा आकडा डुगडुगतो. कधी १८०, कधी २३०, कधी १५०. दर वेळी ९३ ते ९५ येऊन थांबत असेल तर तो आकडा वाय-फायचा नाही, वायरचा आहे. १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टमधून पॅकेटांची वेष्टनं वजा जाता एवढंच निघतं. म्हणजे फायबरचा डबा आणि राउटर यांच्यात कुठेतरी १००० ऐवजी १०० चा दुवा होता. आधी हे दिसलं नव्हतं, कारण फोन ४५ च्या वर कधी टिकतच नव्हता. आणि मधले जे बरे दिवस असत तेव्हा ९० आले की घरचे खूश असत.

शक्यता दोन. एक म्हणजे राउटरचे पोर्टच १०० चे असणं. `AC1200` वर्गातल्या कितीतरी स्वस्त राउटरमध्ये हवेत ८६७ चा दावा असतो आणि मागचे पोर्ट १०० चे असतात. मग १०० च्या वरचा प्लॅन त्या राउटरमधून कुणालाही मिळणार नाही. कंपनीच्या माहितीपानावर पोर्टपुढे `10/100` लिहिलंय की `10/100/1000`, ते बघायचं. इथे दुसरं होतं, पोर्ट गिगाबिटचे होते.

राहिली वायर. राउटरच्या स्टेटस पानावर इंटरनेट पोर्टसमोर `100Mbps Full Duplex` दिसत होतं. इथरनेट वायरमध्ये आठ तारा असतात. १०० साठी त्यातल्या चार पुरतात, कनेक्टरमधल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. १००० साठी आठही लागतात. उरलेल्या चारपैकी एखादी तार तुटली किंवा कनेक्टर बसवताना या चारच जोडल्या, तर दोन्ही बाजूंची उपकरणं गुपचूप १०० वर तडजोड करतात. कुठला दिवा लाल होत नाही, इंटरनेट चालू राहतं, आणि वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. बसवणाऱ्या माणसाने वायर कापून जागेवर कनेक्टर लावला होता. पारदर्शक कनेक्टरमधून पाहिलं तर चारच रंग आत गेलेले, बाकीच्या चार तारा बाहेर कापलेल्या. लॅपटॉपवर २०० दाखवणाऱ्याने स्वतःची वायर थेट फायबरच्या डब्याला लावली होती, म्हणजे खराब तुकडा त्याच्या मोजणीत आलाच नव्हता.

दुकानातून कॅट ६ ची तयार, दोन्ही टोकांना कारखान्यात कनेक्टर बसवलेली वायर आणली. पोर्टसमोर `1000Mbps` आलं. फोनवर स्पीड टेस्ट १९० च्या घरात. ४३३ च्या लिंकवर यापेक्षा जास्त जागा शिल्लक आहे, आता अडवतो तो प्लॅन.

५४ दिसला तर

या केसमध्ये नव्हता, पण जुन्या राउटरवर हमखास भेटणारा आणखी एक आकडा आहे: ५४. फोन नवा, राउटर वाय-फाय ४ किंवा ५ चा, आणि जवळ बसूनही लिंक ५४ च्या वर जात नसेल तर सिक्युरिटीचं सेटिंग उघडा. तिथे `WEP` किंवा `TKIP` निवडलेलं असेल तर वाय-फाय ४ आणि पुढचे वेग वापरायला मनाई आहे, जोडी त्याआधीच्या व्हर्जनवर उतरते. `WPA2-PSK` आणि `AES` करा, काही मिनिटांत फरक दिसतो. `WMM` नावाचं सेटिंग बंद असेल तरी हेच होतं, ते चालूच हवं. वर्षानुवर्षं न बदललेला राउटर असेल तर पासवर्डही याच वेळी बदलून घ्या, `WEP` केव्हाच फुटलेलं आहे.

आयफोन आणि लॅपटॉप

आयफोनच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसत नाही. तिथे उलट बाजूने जायचं: राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा, बऱ्याच राउटरवर प्रत्येक उपकरणापुढे बँड आणि वेग लिहिलेला असतो. व्हर्जनपुरतं सांगायचं तर आयफोन ११ पासूनच्या मुख्य मालिकेत वाय-फाय ६ आहे.

विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये

```
netsh wlan show interfaces
```

दिलं की `Radio type`, `Channel`, `Receive rate` आणि `Transmit rate` एकत्र मिळतात. `Radio type` समोर `802.11n` आणि चॅनेल १ ते १३ मधलं असेल तर लॅपटॉपही २.४ वर अडकलाय असं समजा. `netsh wlan show drivers` मध्ये तो लॅपटॉप कुठली व्हर्जनं चालवू शकतो त्याची यादी येते. दोन्हींची तुलना केली की फोनसारखंच उत्तर मिळतं.

शेवटी त्या घरच्यांनी विचारलं, "दादा, आता वाय-फाय ६ चा राउटर घेऊ का?" त्यांच्या आत्ताच्या फोनसाठी नको, असं सांगितलं. फोन वाय-फाय ५ चा, एका स्ट्रीमचा. नव्या राउटरवरही त्याचा कमाल लिंक स्पीड ४३३ च राहील. प्लॅन ५०० चा घेतला आणि दोन स्ट्रीमचा, वाय-फाय ६ चा फोन आला, तर जोडी १२०१ वर जाईल आणि तेव्हा बदलण्यात अर्थ आहे. त्या दिवशीही दुकानात खोक्यावरचा `AX` बघायच्या आधी मागच्या बाजूला छापलेला पोर्टचा वेग वाचा. तिथे `10/100` असेल तर तो राउटर तसाच परत ठेवा.